केळीच्या गरात रिड्यूसिंग शुगर टोटलपेक्षा जास्त येतेय – डीएनएस आणि फिनॉल-सल्फ्युरिक

वाघूरकाठ
पिकलेल्या ग्रँड नैनच्या गरातली साखर मोजतोय. गर ५ ग्रॅम, ८० टक्के अल्कोहोलने तीनदा काढला, अल्कोहोल वॉटर बाथवर उडवलं आणि पाण्याने १०० मिली केलं. म्हणजे १ मिली अर्कात ५० मिग्रॅ गर.

डीएनएससाठी अर्क दहापट पातळ केला. त्यातला १ मिली, २ मिली पाणी, ३ मिली डीएनएस, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, गरम असतानाच ४० टक्के रोशेल सॉल्ट १ मिली. ५४० नॅनोमीटरला ओडी ०.५८. कर्व्हवरून ०.७३ मिग्रॅ ग्लुकोज, म्हणजे १०० ग्रॅम गरात १४.६ ग्रॅम रिड्यूसिंग शुगर.

फिनॉल-सल्फ्युरिकसाठी अर्क दोनशेपट पातळ केला. १ मिली नमुना, १ मिली ५ टक्के फिनॉल, ५ मिली सल्फ्युरिक ॲसिड, ४९० ला ओडी ०.३०. कर्व्हचा उतार एका मायक्रोग्रॅमला ०.०१०१. उत्तर येतं ११.९ ग्रॅम टोटल शुगर.

एकूण साखर ११.९ आणि तिच्यातलीच रिड्यूसिंग १४.६ कशी असेल? तीन-तीन नळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात. गुणाकार दोनदा तपासलाय.

तापीचा_गाळ
भाऊ, फिनॉल-सल्फ्युरिकच्या आधी हायड्रोलिसिस केलं का? सुक्रोज नॉन-रिड्यूसिंग असते. तिला एचसीएल घालून आधी फोडावं लागतं, तेव्हाच ती टोटलमध्ये मोजली जाते. ते राहिलं असेल तर टोटल कमीच येणार.

काचनळी
तापीचा_गाळ, तुमचं म्हणणं डीएनएसला लागू पडतं, फिनॉलला नाही. टोटल शुगर डीएनएसनेच काढायची असेल तर आधी ॲसिडने फोडणं, मग न्यूट्रल करणं हे सगळं करावं लागतं. फिनॉलच्या नळीत मात्र ५ मिली तीव्र सल्फ्युरिक ओतलं की नळीच उकळायला लागते. त्या उष्णतेत सुक्रोजचा बंध तुटतो, स्टार्चसुद्धा तुटतो, आणि निघालेल्या हेक्सोजचं पाणी निघून हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरल बनतं. ते फिनॉलबरोबर पिवळा-नारिंगी रंग देतं. वेगळं फोडायची गरज नाही.

वाघूरकाठ, आधी कोणता आकडा खोटा ते ठरवू. गराचा रस पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स घेतला होता का?

वाघूरकाठ
घेतला होता ताई. २१.

काचनळी
मग टोटल ११.९ कशी असेल? ब्रिक्समध्ये आम्लं, क्षार, विरघळलेलं पेक्टिन असं सगळं मोजलं जातं, म्हणून साखर ब्रिक्सपेक्षा कमीच असते, पण एवढी कमी नाही. २१ ब्रिक्सच्या पिकलेल्या गरात मी १६ ते १८ ची अपेक्षा धरीन. तेव्हा फिनॉलचा आकडा नक्की खाली आलाय. डीएनएसचा वर गेलाय की नाही ते नंतर पाहू. दोन्हीकडे वेगवेगळी गडबड असू शकते, म्हणून एकच कारण शोधत बसू नका.

आता तीन गोष्टी सांगा. फिनॉलचा कर्व्ह आणि नमुने एकाच दिवशी, एकाच बैठकीत केले का? ॲसिड कशाने ओतलं? आणि स्टँडर्डला वापरलेलं ग्लुकोज ॲनहायड्रस आहे की मोनोहायड्रेट?

यावल_बागायत
भो, यातलं एवढं काही कळत नाही, पण घड काढताना गोडी तपासायला हे चालेल का? व्यापारी भाव पाडतो तेव्हा दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. किती खर्च येतो एका केळीला?

तापीचा_गाळ
दादा, हे पिकलेल्या फळाच्या गराचं चाललंय, तेही लॅबमध्ये. बागेतून निघणारा माल हिरवा असतो, त्यात बहुतेक स्टार्चच. साखर रायपनिंग चेंबरमध्ये बनते. कापणीच्या वेळी गोडी मोजून हाती काही लागणार नाही. पिकलेल्याची पाहायची असेल तर हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरे, त्याला ॲसिड-फिनॉल काही लागत नाही.

वाघूरकाठ
ताई, कर्व्ह मागच्या आठवड्यातला आहे, नमुने काल केले. कर्व्हच्या वेळी ॲसिडच्या बाटलीवर डिस्पेन्सर लावलेला होता. काल तो दुसरीकडे गेला होता, म्हणून काचेच्या पिपेटने नळीच्या कडेकडेने हळूहळू सोडलं. ग्लुकोजच्या बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलंय. वजन करताना १०० मिग्रॅ सरळ घेतलं होतं.

काचनळी
कडेकडेने हळू सोडलं, तिथेच टोटल गेली.

या पद्धतीत वेगळा हीटर नसतो. ॲसिड पाण्यात मिसळताना जी उष्णता निघते तीच विक्रिया चालवते. डिस्पेन्सरने ५ मिली ॲसिड द्रवाच्या पृष्ठभागावर सरळ, दोन-तीन सेकंदांत पडलं की नळी हाताला लावता येत नाही. तेच कडेने हळू सोडलं तर जड ॲसिड तळाशी जाऊन बसतं, वर पाण्याचा थर राहतो, आणि मिसळेपर्यंत निम्मी उष्णता काच खाऊन टाकते. तापमान कमी, फरफ्युरल कमी, रंग कमी. आणि तुम्ही तीनही नळ्यांत सारखंच हळू सोडलं म्हणून आकडे आपसात छान जुळले. नळ्या जुळल्या म्हणजे उत्तर बरोबर, असं नसतं.

म्हणून फिनॉल-सल्फ्युरिकचा कर्व्ह कधीच उधार घ्यायचा नाही. स्टँडर्ड आणि नमुने एकाच स्टँडवर, त्याच बाटलीतलं ॲसिड, त्याच हाताने, त्याच वेगाने. डिस्पेन्सर नसेल तर मोठ्या तोंडाची ५ मिली पिपेट रबर बल्ब लावून वापरा. टोक भिंतीला न लावता मधोमध धरा. नळ्या जाड आणि एकाच व्यासाच्या हव्यात. ओतून झाल्यावर १० मिनिटं तशाच उभ्या ठेवा, मग व्होर्टेक्स करा, मग २५ ते ३० अंशाच्या पाण्यात २० मिनिटं. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच चाळिशीला टेकतं, तेव्हा बर्फाचे तुकडे टाकून थर्मामीटर लावा. फिनॉलची बाटली उन्हाळ्यात आपोआप वितळलेली दिसली तरी घाबरू नका, त्याचा वितळणबिंदू ४१ अंशाच्या आसपास आहे. रंग गुलाबी-तपकिरी झाला असेल तर मात्र ती वापरू नका, ब्लँक वाढतो.

चेहऱ्यावर शील्ड, हातात चांगले हातमोजे. ५ टक्के फिनॉलसुद्धा कातडी भाजतं, आणि उकळती नळी उडाली तर त्यात ॲसिडही असतं. प्लास्टिकच्या क्युव्हेट वापरू नका, काचेच्याच घ्या.

मोनोहायड्रेटचं वेगळं. ग्लुकोजचा रेणुभार १८०, मोनोहायड्रेटचा १९८. तुमच्या १०० मिग्रॅत खरं ग्लुकोज ९०.९ मिग्रॅच होतं. त्यामुळे सगळी उत्तरं दहा टक्क्यांनी फुगतात. पण दोन्ही पद्धतींत सारखीच फुगतात, म्हणून टोटल आणि रिड्यूसिंग उलटं होण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. दुरुस्त मात्र कराच.

अमळनेरचा_ॲनालिस्ट
ॲसिडबद्दल ताईंशी सहमत. पण डीएनएसला एवढ्यात सोडू नका. केळीच्या गरात फिनॉलिक पदार्थ असतात, व्हिटॅमिन सी असतं. डीएनएस हा काही साखरेचा खास रिएजंट नाही, समोर येईल त्या रिड्यूसिंग पदार्थाबरोबर तो रंग देतो. डीएनएसने १४.६ आले तर मी त्यातले दोन-तीन ग्रॅम सरळ संशयाच्या खात्यात टाकीन.

आणि दुसरं, तुमच्या डीएनएस कर्व्हचे आकडे टाका. उतार शून्यातून काढलाय का?

वाघूरकाठ
हो, एक्सेलमध्ये शून्यातून नेला. आकडे असे. ०.२ मिग्रॅला ०.११, ०.४ ला ०.२९, ०.६ ला ०.४६, ०.८ ला ०.६४, १.० ला ०.८२. ब्लँकने शून्य केलेलं. शून्यातून नेल्यावर उतार ०.७९४.

अमळनेरचा_ॲनालिस्ट
शून्यातून नेऊ नका. या पाच बिंदूंतून मोकळी रेघ काढली तर ती अशी येते:

```
A = 0.885 x − 0.067
```

ती शून्यातून जात नाही आणि जायलाही नको. डीएनएसमध्ये सुरुवातीचं थोडं ग्लुकोज द्रावणात विरघळलेल्या ऑक्सिजनपायी वाया जातं, म्हणून खालच्या टोकाला रंग कमी पडतो. मिलरने १९५९ मध्ये ही पद्धत सुधारली तेव्हाही हा प्रश्न होताच. रिएजंटमधलं सल्फाइट त्याच ऑक्सिजनसाठी असतं; उकळल्यावर घातलेलं रोशेल सॉल्ट रंग टिकवण्यासाठी. तरी थोडं राहतंच.

तुमची ०.५८ ही ओडी योगायोगाने दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बसली, म्हणून दोन्हींनी ०.७३ च येतं. पण उद्या कच्च्या फळाची ओडी ०.११ आली की शून्याची रेघ ०.१४ मिग्रॅ सांगेल आणि खरं असेल ०.२०. कच्च्या-पक्क्याची तुलना करणार असाल तर कच्चं फळ आहे त्याहून तीस टक्के कमी दिसेल आणि पिकताना साखर किती पटींनी वाढली ते उगाच फुगेल.

पऱ्हाटी
मी पऱ्हाटीच्या काड्यांचं ॲसिड हायड्रोलायझेट तपासतो, तिथे पण डीएनएस भरमसाठ येतं. अर्क चहासारखा काळा. ४९० ला फिनॉल न घालताच ओडी ०.२ दिसते. ती वजा करायची का? आणि त्यात झायलोज भरपूर, तर ग्लुकोजचा कर्व्ह चालेल का?

काचनळी
वजा करायचीच, पण कशी ते महत्त्वाचं. नमुना आणि पाणी एवढाच ब्लँक पुरत नाही, कारण सल्फ्युरिक पडल्यावर तो काळा रंग आणखी गडद होतो. नमुना १ मिली, फिनॉलऐवजी पाणी १ मिली, ॲसिड ५ मिली, असा ब्लँक प्रत्येक नमुन्याला वेगळा लावा. डीएनएसला नमुना आणि डीएनएसऐवजी त्याच ताकदीचं सोडियम हायड्रॉक्साइड, आणि तेही उकळून. अल्कलीत लिग्निनचे तुकडे आणखी गडद होतात.

झायलोजचं शिखर ४८० ला येतं, हेक्सोजचं ४९० ला. मिश्रणाला ग्लुकोजच्या कर्व्हवर वाचलं तर उत्तर ग्लुकोज समतुल्य असंच लिहा, त्याला झायलोजचे ग्रॅम म्हणू नका. वेगवेगळं हवं असेल तर एचपीएलसीशिवाय इलाज नाही. आणि एक, कापसाच्या भागात काम करताना नळ्या कापसाने किंवा टिश्यू पेपरने आतून पुसू नका. सेल्युलोजचा एक तंतू नळीत राहिला तरी सल्फ्युरिक त्याचं ग्लुकोज करून मोकळं होतं आणि तीनांतली एक नळी विनाकारण उंच जाते. फिल्टर पेपरचे तंतूही तसेच. नळ्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये उलट्या वाळवा.

वाघूरकाठ, आता डीएनएसचा संशय. गर किसल्यापासून अल्कोहोल घालेपर्यंत किती वेळ गेला?

वाघूरकाठ
सकाळी मिक्सरमधून काढला, अर्क दुपारनंतर. अल्कोहोल साधं, गरम केलेलं नव्हतं. अडीच-तीन तास झाले असतील. खोलीत एसी नाही.

काचनळी
मग १४.६ हे तुमच्या भांड्यातल्या गराचं बरोबर उत्तर असूही शकतं, फळाचं नाही. पिकलेल्या केळीत इन्व्हर्टेज भरपूर असतं. मिक्सरमध्ये पेशी फुटल्या की एन्झाइम आणि सुक्रोज एकत्र येतात, आणि चाळीस अंशाच्या खोलीत तीन तासांत बरीच सुक्रोज ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडते. टोटल जवळपास तीच राहते, रिड्यूसिंग चढतं. थंड अल्कोहोल हे एन्झाइम लगेच मारत नाही.

फळ सोलून चकत्या सरळ उकळत्या ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, १० मिनिटं रिफ्लक्स करा, मग वाटा. बाजूलाच तुमच्या जुन्या पद्धतीने तीन तास ठेवलेला गर घ्या. दोन्हींत डीएनएस आणि फिनॉल एकाच बैठकीत करा. अल्कोहोल पूर्ण उडवा, नाहीतर डीएनएसच्या नळ्या उतू जातात. गरम पाण्याने अर्क काढायचा मोह टाळा. स्टार्च पाण्यात उतरतो आणि फिनॉल त्याला साखर म्हणूनच मोजतं.

शिवाय दोन नळ्या जास्तीच्या लावा. शुद्ध सुक्रोज १ मिग्रॅ डीएनएसमध्ये, तिचा रंग ब्लँकएवढाच हवा. आणि शुद्ध सुक्रोज ५० मायक्रोग्रॅम फिनॉलमध्ये, ती ग्लुकोज कर्व्हवर ५२.६ च्या आसपास वाचली पाहिजे, कारण फुटताना पाण्याचा रेणू आत येतो आणि ३४२ चे ३६० होतात.

तापीचा_गाळ
डीएनएस जुनं असेल तर तेही बघा ना. आमच्याकडे काचेच्या पांढऱ्या बाटलीत खिडकीत ठेवलेलं असतं, त्याने पण रीडिंग वाढतं.

अमळनेरचा_ॲनालिस्ट
वाढतं असं नाही, सल्फाइट हवेने संपलं की खालचं टोक आणखी पडतं आणि कर्व्ह वाकतो. डीएनएस १ ग्रॅम, फिनॉल २०० मिग्रॅ, १०० मिली १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये करून तपकिरी बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. सोडियम सल्फाइट ५० मिग्रॅ वापरायच्या दिवशी घाला. पण तुमचं मूळ म्हणणं खरं, जुन्या रिएजंटला त्याच दिवशीचा कर्व्ह हवाच.

वाघूरकाठ
केलं. ग्लुकोज ओव्हनमध्ये वाळवलेलं ॲनहायड्रस घेतलं, सगळं एकाच दिवशी, डिस्पेन्सर परत आणला. फिनॉलचा नवा उतार ०.००९९.

उकळत्या अल्कोहोलचा गर: फिनॉलला ओडी ०.४३, म्हणजे ४३.४ मायक्रोग्रॅम, नळीत गर २५० मायक्रोग्रॅम, टोटल १७.४ ग्रॅम. डीएनएसने रिड्यूसिंग १०.२.

तीन तास ठेवलेला गर: टोटल १७.२, रिड्यूसिंग १३.९.

सुक्रोजची नळी डीएनएसमध्ये ब्लँकसारखीच. फिनॉलमध्ये मात्र ५२.६ ऐवजी ५० वाचतेय. हे चालेल का?

आणि नॉन-रिड्यूसिंग १७.४ वजा १०.२ म्हणजे ७.२ लिहू ना?

काचनळी
७.२ नाही. ते ग्लुकोज समतुल्यात आहे, सुक्रोजचं वजन हवं तर ०.९५ ने गुणा, ६.८ ग्रॅम. तक्त्यात टोटलखाली 'ग्लुकोज समतुल्य' असं स्पष्ट लिहा, नाहीतर १०.२ आणि ६.८ ची बेरीज १७.० येते आणि परीक्षक ०.४ कुठे गेले विचारतो.

ठेवलेल्या गरात टोटल हलली नाही आणि रिड्यूसिंग ३.७ ने चढलं, म्हणजे इन्व्हर्टेजच. स्टार्च फुटत असता तर टोटलही चढली असती.

अमळनेरचा_ॲनालिस्ट
इन्व्हर्टेज मान्य. पण १०.२ मध्ये फिनॉलिकचा वाटा किती, ते या प्रयोगाने सिद्ध होत नाही, कारण तो दोन्ही गरांत सारखाच असणार. अर्कात ०.३ मिग्रॅ ग्लुकोज मुद्दाम घालून रिकव्हरी बघा. ती पूर्ण आली तर अर्क रंगाला अडवत नाही एवढं कळेल. आधीच असलेले इतर रिड्यूसिंग पदार्थ मात्र त्यातून दिसत नाहीत. त्यासाठी अर्क पीव्हीपीपीवर फिरवून फिनॉलिक काढा आणि पुन्हा डीएनएस करा.

सुक्रोज ५० वाचण्याचं कारण मी फ्रुक्टोज म्हणेन. फिनॉलमध्ये प्रत्येक साखरेचा रंग सारखा नसतो. केळीत निम्मी रिड्यूसिंग शुगर फ्रुक्टोजच असते, तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समसमान घेऊन कर्व्ह काढला तर खऱ्याच्या जास्त जवळ जाल.

काचनळी
पाच टक्के तर दोनशेपट डायल्यूशनमध्येही हरवतात, त्यावरून फ्रुक्टोजला पकडणं घाईचं होईल. आधी शुद्ध फ्रुक्टोज ५० मायक्रोग्रॅमच्या तीन नळ्या, ग्लुकोज ५० च्या तीन नळ्या, एकाच स्टँडवर. फरक दिसला तर मिश्र कर्व्हचा विचार करा. तोवर ग्लुकोज कर्व्हच ठेवा, निदान इतरांच्या आकड्यांशी तुलना तरी करता येईल.

अमळनेरचा_ॲनालिस्ट
तुलना करता येते म्हणून चुकीचा कर्व्ह ठेवायचा, हे मला पटत नाही. पण नळ्यांची सूचना रास्त आहे.

पऱ्हाटी
ब्लँक सांगितल्यासारखा लावला. फिनॉलऐवजी पाणी घातलेला ब्लँक ०.३४ आला, म्हणजे मी ०.२ वजा करत होतो ते कमीच पडत होतं. डीएनएसला सोडियम हायड्रॉक्साइडचा ब्लँक उद्या. त्यात रोशेल सॉल्टपण घालायचं का?

काचनळी
घाला. शेवटचा व्हॉल्यूम ७ मिलीच राहिला पाहिजे, नाहीतर ब्लँकचा रंग नमुन्यापेक्षा दाट दिसेल आणि तुम्ही जास्त वजा कराल.

वाघूरकाठ
पीव्हीपीपी इथे नाही, मागवलंय. फ्रुक्टोजच्या नळ्या सोमवारी लावतो, आकडे इथेच टाकतो.